दोन्ही शब्द जवळचे, मग एक चूक कसा?

अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रवेश घेण्यासाठी जी एसएटी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात इंग्रजीचा एक प्रश्नप्रकार ठरलेला असतो. चार-पाच वाक्यांचा उतारा, त्यात एक गाळलेली जागा आणि खाली चार शब्द. उताऱ्याला सर्वांत तर्कसंगत आणि नेमका ठरेल असा शब्द निवडा, एवढीच सूचना. मुंबई-पुण्यातली पुष्कळ मुलं ही परीक्षा देतात. सराव करताना त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: मी निवडलेला शब्द डिक्शनरीत त्याच अर्थाचा दिलाय, मग माझं उत्तर चूक का?

तक्रार रास्त आहे आणि तिला ठोस उत्तरही आहे. पण ते उत्तर ‘इंग्रजीत असंच म्हणतात’ या वाक्यात मिळत नाही. त्यासाठी एक प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून पाहावा लागतो. या परीक्षेच्या धर्तीवर मी पुढचा उतारा रचला आहे. त्यातली माहिती मात्र खरी आहे.

हंगेरीतून अमेरिकेत आलेल्या कातालिन कारिको या शास्त्रज्ञ १९९० च्या दशकात मेसेंजर आरएनएचा औषधासारखा वापर करता येईल का, याचा शोध घेत होत्या. अनुदानासाठी केलेले त्यांचे अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले गेले. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. पण प्रयोग फसला की त्याची आखणी बदलायची आणि मूळ प्रश्न मात्र सोडायचा नाही, असं त्या करत राहिल्या. पुढे मिळालेल्या यशाचं श्रेय त्यांच्या या ‘अमुक’ वृत्तीला दिलं जातं. ‘अमुक’च्या जागी चार पर्याय: इम्पल्सिव्ह, कम्प्लेसन्ट, ऑब्स्टिनेट, टेनेशस.

पहिले दोन शब्द लगेच गळतात. इम्पल्सिव्ह म्हणजे मनात आलं की करून मोकळा होणारा आणि कम्प्लेसन्ट म्हणजे आहे त्यात समाधान मानून स्वस्थ बसणारा. कारिकोंचं वर्णन या दोन्हींच्या उलट आहे. उरतात ऑब्स्टिनेट आणि टेनेशस. दोन्हींचा गाभा एकच, की धरलेलं सोडायचं नाही. उत्तरतालिकेत टेनेशस असतं आणि ऑब्स्टिनेट निवडणाऱ्या मुलाचा गुण जातो.

त्या मुलाने अभ्यास केला नव्हता असं मुळीच नाही. उलट, ऑब्स्टिनेट निवडणारा बहुतेक वेळा शब्दांच्या याद्या पाठ केलेला असतो आणि त्या याद्यांचं मूळ समानार्थी शब्दांच्या कोशांत असतं. पीटर मार्क रॉजेट या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला थिसॉरस प्रसिद्ध केला. आजही थिसॉरस म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं. या कोशाच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ‘हट्ट’ या अर्थाच्या शीर्षकाखाली विशेषणांची जी रांग आहे, तिची सुरुवातच ऑब्स्टिनेट, टेनेशस, स्टबर्न अशी होते. म्हणजे आपल्या प्रश्नातले दोन शब्द तिथे शेजारीशेजारी बसले आहेत. यादी पाठ करणाऱ्याला ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटलं, तर नवल नाही.

रॉजेट यांनी तसं सुचवलं नव्हतं. त्यांनी शब्द कल्पनांच्या घराण्यांप्रमाणे लावले. एखादा विचार मनात आहे पण शब्द सापडत नाही, अशा माणसाने त्या घराण्यात शिरावं आणि हवा तो उचलावा, ही त्यामागची योजना. उचलणाऱ्याला त्या शब्दांमधले फरक आधीच ठाऊक आहेत, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. इंग्रजी ज्याची घरची भाषा नाही, त्याच्या हाती घराणं येतं, पण त्यातल्या माणसांचे स्वभाव येत नाहीत.

इथे बरेच शिक्षक एक सोपं उत्तर देतात: टेनेशस चांगल्या अर्थाचा आणि ऑब्स्टिनेट वाईट अर्थाचा, उतारा कौतुकाचा आहे, म्हणून टेनेशस. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. या स्पष्टीकरणाने मुलाची अशी समजूत होते की दोन्ही शब्दांचा अर्थ तोच आहे, फक्त एकावर गोड रंग चढवलाय आणि दुसऱ्यावर कडू. प्रत्यक्षात फरक अर्थातच आहे आणि सूर त्या अर्थातून निघतो.

ऑब्स्टिनेट माणूस बदलायचं कारण समोर असूनही बदलत नाही. समजावणारी माणसं आहेत, पुरावा आहे, परिस्थिती पालटली आहे, तरी तो जागचा हलत नाही. त्याचं अडून बसणं अवाजवी आहे, हा ठपका शब्दाच्या अर्थातच भरलेला आहे. टेनेशसचं मूळ लॅटिनमधल्या ‘धरणे’ या क्रियापदात आहे. पकड घट्ट, इतकंच तो सांगतो. हात झटकला जातोय, ओढला जातोय, तरी सुटत नाही. पकड बदलून पुन्हा धरण्याला या शब्दाची आडकाठी नाही.

आता उताऱ्याकडे पुन्हा पाहा. सगळा निकाल एका वाक्यात आहे: प्रयोग फसला की त्याची आखणी बदलायची आणि मूळ प्रश्न मात्र सोडायचा नाही. त्यातला पहिला अर्धा भाग ऑब्स्टिनेटशी सरळ भांडतो. जी व्यक्ती पुरावा पाहून आपली पद्धत बदलते, तिला पुराव्याला दाद न देणारी कसं म्हणणार? दुसरा अर्धा भाग टेनेशसला आधार देतो. शेवटी श्रेय हा शब्द येतो आणि कौतुकाचा सूर पक्का होतो. सूर ही साक्ष आहेच, पण ती दुसरी साक्ष.

कारिकोंच्या बाबतीत हे ‘आखणी बदलणं’ किती खरं होतं, तेही सांगायला हवं, कारण त्यावाचून हा शब्द का शोभतो हे उमगत नाही. त्या १९८९ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. शरीराला एखादं प्रथिन तयार करायला सांगणारा निरोप म्हणजे मेसेंजर आरएनए. तो प्रयोगशाळेत बनवून पेशींना द्यायचा, अशी कल्पना. अडचण ही की बाहेरून आलेला आरएनए पाहिला की शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते आणि दाह होतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची गाठ ड्रू वाइसमन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाशी पडली आणि दोघं मिळून या दाहाच्या मागे लागले. पेशीत आणखी एक आरएनए असतो, ट्रान्सफर आरएनए. त्याने तसा दाह होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच्या रचनेतली बरीच अक्षरं रासायनिकदृष्ट्या थोडी बदललेली असतात. मग निरोपातल्या युरिडीन या अक्षराऐवजी सुडोयुरिडीन हे त्याचं बदललेलं रूप वापरून पाहिलं, आणि दाह शमला. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडच्या साथीत मेसेंजर आरएनएच्या ज्या लसी आल्या त्यांचा पाया त्यात होता, आणि २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

साधा आरएनएच चालला पाहिजे, असा हेका त्यांनी धरला असता तर काम तिथेच थांबलं असतं. ध्येय धरून ठेवलं आणि साधन बदललं. हे वर्णन टेनेशसमध्ये मावतं, ऑब्स्टिनेटमध्ये मावत नाही.

आता याच दोन शब्दांना उलट परीक्षेला बसवू. लॉर्ड केल्विन हे एकोणिसाव्या शतकातले फार मोठे भौतिकशास्त्रज्ञ. पृथ्वी सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा गोळा होती आणि हळूहळू थंड होत गेली, असं धरून तिचं वय काढण्याचा प्रयत्न त्यांनी १८६२ मध्ये केला. उत्तर आलं दोन ते चाळीस कोटी वर्षं. १८९७ पर्यंत त्यांनी हा आकडा दोन ते चार कोटींवर आणला. भूगर्भशास्त्रज्ञ सांगत होते की खडकांचे थर साचायला इतका काळ पुरणार नाही. एकेकाळी केल्विन यांच्याच हाताखाली काम केलेले जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात उष्णता अधिक सहज वाहत असेल, तर हेच गणित कितीतरी मोठं वय देतं. १९०३ मध्ये रेडियम आपणहून उष्णता देत राहतं हे समजलं, म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा आणखी एक स्रोत असू शकतो हे पुढे आलं. १९०७ मध्ये केल्विन वारले. तोवर आपला अंदाज त्यांनी जाहीरपणे मागे घेतला नव्हता. आज पृथ्वीचं वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं मानलं जातं.

उतारा केल्विन यांच्यावर असता आणि त्यात असं वाक्य असतं, की एकामागून एक नवा पुरावा येत असताना आकड्याबाबतची त्यांची ‘अमुक’ भूमिका या विषयाच्या वाढीला अडसर ठरली, तर उत्तर ऑब्स्टिनेट झालं असतं. शब्द तेच आणि धरून ठेवणंही तेवढंच घट्ट. फरक एवढाच की इथे पुराव्यासमोर साधन किंवा गृहीतक बदललं गेलं नाही आणि वाक्याचा शेवट अडसराकडे जातो. अर्थात या एका शब्दाने केल्विन यांची सगळी कारकीर्द मोजणं अन्यायाचं होईल. शब्द त्या भूमिकेला लागतो, माणसाला नाही. चांगला उतारा लिहिणाराही तेवढी काळजी घेतो.

तिसरा फेरफार मला सर्वांत उद्बोधक वाटतो. कारिकोंच्या उताऱ्यातली सगळी माहिती तशीच ठेवा, प्रयोगाची आखणी बदलल्याचं वाक्यसुद्धा. फक्त शेवट बदला: अनुदान नाकारणाऱ्या परीक्षकांना मात्र त्या ‘अमुक’ वाटल्या असाव्यात, कारण ज्या कल्पनेत दम नाही असं त्यांचं मत झालं होतं तिलाच त्या चिकटून होत्या. आता उत्तर ऑब्स्टिनेट. वस्तुस्थिती तसूभरही बदललेली नाही, बदलला तो पाहणारा. परीक्षकांच्या मते कल्पना सोडायला कारण होतं, म्हणून त्यांच्या तोंडी ठपक्याचा शब्द शोभतो. उताऱ्यात शब्द कुणाच्या तोंडी आहे हे न पाहता, वाचणाऱ्याने स्वतःचं मत गाळलेल्या जागेत भरलं की गुण गेलाच. कारिकोंबद्दल मनात आदर असणारी मुलं या तिसऱ्या प्रश्नात टेनेशस निवडून बसतात.

बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या रेडिओ कार्यक्रमात हीच गोष्ट व्याकरणातल्या पुरुषांप्रमाणे चालवून दाखवली होती. एकच स्वभाव, पण प्रथम पुरुषी तो खंबीरपणा, द्वितीय पुरुषी हट्ट आणि तृतीय पुरुषी निव्वळ डोकं नसणं. मधल्या पायरीसाठी त्यांनी वापरलेला शब्द ऑब्स्टिनेट हाच होता. बोलणारा कोण आणि कुणाबद्दल बोलतोय, यावरून शब्द कसा घसरत जातो हे त्या तीन पायऱ्यांत स्पष्ट ऐकू येतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे जिद्द, चिकाटी, चिवटपणा, हट्ट, हेका, दुराग्रह, आडमुठेपणा अशी मोठी रांग आहे आणि आपण तिच्यात कधी चुकत नाही. दहावीला प्रतिकूल परिस्थितीत पहिल्या आलेल्या मुलीच्या सत्काराला उभा राहिलेला वक्ता तिच्या जिद्दीबद्दल बोलेल, हेक्याबद्दल बोलणार नाही. गंमत ही की सीमा ओलांडून हिंदीत गेलं की याच जिद्दीचा सूर पालटतो. हिंदीत ‘जिद्दी बच्चा’ म्हणजे हट्ट करून डोकं उठवणारं पोर, तर मराठीत जिद्दी मुलगा म्हटलं की त्याच्या आईला अभिमान वाटतो. हिंदी चांगली येणाऱ्या मराठी माणसाला हा बदल कुणी शिकवलेला नसतो. वर्षानुवर्षं वाक्यं कानावर पडून तो अंगवळणी पडलेला असतो. इंग्रजी शब्द मात्र आपण बहुधा वाक्याशिवाय, एकास एक अर्थ लावून शिकतो आणि मग त्याचा सूर आपल्यापर्यंत पोचत नाही.

या सवयीला आपल्या परीक्षांनीही हातभार लावला आहे. सरकारी नोकरीच्या अनेक स्पर्धा परीक्षांत एक सुटा शब्द देऊन त्याचा समानार्थी शब्द निवडायला सांगतात. तिथे टेनेशस असा शब्द आला आणि पर्यायांत ऑब्स्टिनेट हाच सर्वांत जवळचा असला, तर तो निवडणंच बरोबर. वाक्यच नसल्यामुळे तुलना गाभ्याच्या अर्थाशी होते आणि गाभा जुळतो. तोच मुलगा पुढे एसएटीला बसतो आणि तेच उत्तर तिथे चूक ठरतं. त्याला वाटतं, परीक्षकाने लहरीपणा केला. खरं तर दोन परीक्षा दोन वेगळे प्रश्न विचारत असतात. एक विचारते की हे शब्द एका घराण्यातले आहेत का. दुसरी विचारते की या जागी त्यांतला कोण. परदेशी उच्चशिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरईत तर सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात की दोन्हींनी पूर्ण झालेली वाक्यं सारख्याच अर्थाची व्हावीत. पर्यायांत नुसती समानार्थी जोडी शोधू नका, असं परीक्षा घेणारी संस्था स्वतःच बजावते, कारण वाक्यात न बसणारी जोडीही त्यांत असू शकते.

प्रश्न काढणाऱ्याची बाजूही समजून घेतली की भीती कमी होते. जवळचा शब्द चुकीचा पर्याय म्हणून ठेवायचा, तर तो का चूक आहे याचं कारण उताऱ्यातच लिहिलेलं असावं लागतं. ‘मला तसं वाटतं’ हे कारण चालत नाही, कारण हजारो मुलांना एकच उत्तर पटायला हवं. म्हणून अशा उताऱ्यात निकाल देणारं एक वाक्य असतंच असतं. आपल्या उताऱ्यातून आखणी बदलल्याचा भाग आणि श्रेयाचा उल्लेख हे दोन्ही काढून टाकले, तर अर्ज फेटाळले, पद गेलं, तरी त्या थांबल्या नाहीत, एवढंच उरतं. मग ऑब्स्टिनेट आणि टेनेशस दोन्ही बसतात आणि प्रश्न सदोष होतो. सरावाच्या पुस्तकांत असे सदोष प्रश्न बरेच आढळतात. दोन पर्यायांपैकी एकाविरुद्ध बोट ठेवता येईल असं वाक्य उताऱ्यात सापडतच नसेल, तर तो प्रश्न सोडून पुढे जावं. त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

चांगल्या प्रश्नात मात्र ते बोट ठेवता येतं. शब्द घालून वाक्य वाचलं की कानाला बरं वाटतं का, ही कसोटी आपल्याला फार उपयोगी पडत नाही, कारण आपला कान त्या भाषेत तेवढा तयार झालेला नसतो. त्याऐवजी जवळचा शब्द जागेत घालायचा आणि विचारायचं: आता उताऱ्यातला कुठला तुकडा निरुपयोगी झाला, किंवा कुठला खोटा पडला? ऑब्स्टिनेट घातल्यावर आखणी बदलण्याचा तुकडा खोटा पडतो. टेनेशस घातल्यावर प्रत्येक तुकडा कामाला येतो. दोन शब्दांमध्ये मन अडकलं की ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

तयारीसाठी थिसॉरसपेक्षा परभाषिकांसाठी केलेल्या डिक्शनऱ्या जास्त कामाच्या. ऑक्सफर्डच्या अशा डिक्शनरीत ऑब्स्टिनेट आणि स्टबर्न या दोन्ही शब्दांपुढे नापसंतीची खूण असते, सोबत ‘अनेकदा’ असा शब्दही असतो. तो ‘अनेकदा’ नजरेतून सुटू देऊ नये. स्टबर्न करेज, स्टबर्न होप असं इंग्रज लेखक आदराने लिहितात. न जाणारा डागही स्टबर्न असतो आणि त्यात कुणाच्या स्वभावावर टीका नसते. उलट टेनेशस हा काही बक्षिसाचा शब्द नव्हे. उपटलं तरी पुन्हा उगवणारं तण टेनेशस असतं आणि वारंवार खोटी ठरूनही न मरणारी अफवादेखील. म्हणून वहीत शब्दापुढे बेरजेचं किंवा वजाबाकीचं चिन्ह लिहून ठेवण्याची जी पद्धत क्लासमध्ये शिकवतात, ती मला धोक्याची वाटते. त्याऐवजी एक पूर्ण वाक्य लिहावं आणि त्याखाली तीन गोष्टी: कोण बोलतंय, कुणाबद्दल, आणि त्या माणसाने बदलायला हवं होतं असं बोलणाऱ्याला वाटतं की नाही. या जोडीपुरता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की ऑब्स्टिनेट, ‘नाही’ आलं की टेनेशस. फ्रूगल आणि स्टिंजी ही जोडी घेतली, तर तिसरा प्रश्न बदलतो: जिथे खर्च करायलाच हवा होता तिथेही हात आखडला का? प्रत्येक जोडीचा असा आपला एक प्रश्न असतो आणि तो शोधून काढण्यातच त्या जोडीचा बहुतेक अभ्यास होऊन जातो.